बँक विलीन झाली: खाते क्रमांक, आयएफएससी आणि दिलेले चेक यांचं पुढे काय होतं

प्रश्न: आमची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली आहे. माझा आणि आईचा खाते क्रमांक तोच राहील का? भाडेकरू जुन्याच आयएफएससीवर भाडं पाठवतो, ते येत राहील का? आणि पतसंस्थेला पुढच्या तारखांचे सहा चेक दिलेत, त्यांचं काय करायचं?

उत्तर:

विलीनीकरणाच्या दिवशी यातलं काहीही बदलत नाही. त्या दिवशी बदलतो तो फक्त मालक. जुन्या बँकेची सगळी देणी-घेणी कायद्याने नव्या बँकेकडे जातात, पण शाखेतला संगणक, तुमचं पासबुक आणि तुमचा चेक काल होते तसेच आज चालतात. तुमच्या कामाच्या तारखा तीन आहेत आणि त्या पुढे वेगवेगळ्या वेळी येतात. पहिली, तुमच्या शाखेचा डेटा नव्या बँकेच्या प्रणालीत नेला जातो ती, म्हणजे मायग्रेशनची तारीख. दुसरी, जुना आयएफएससी बंद होतो ती. तिसरी, जुने चेक क्लिअरिंगमध्ये स्वीकारणं थांबतं ती. बहुतेक लोकांची फसगत होते ती या तिन्ही एकच समजल्यामुळे. विलीनीकरणाला वर्ष झालं, सगळं नीट चाललंय, म्हणून ते निर्धास्त राहतात आणि मग एका महिन्यात भाडं येत नाही.

तारखा वेगळ्या असण्याला कारण आहे. खाते क्रमांक ही बँकेची अंतर्गत बाब आहे, तो तिच्या कोअर बँकिंग प्रणालीत असतो आणि बदलायचा की नाही हे ती बँकच ठरवते. आयएफएससी एनईएफटी आणि आरटीजीएससाठी रिझर्व्ह बँकेच्या यादीत असतो आणि देशातली प्रत्येक बँक ती यादी वापरते. चेकवरचा नऊ अंकी एमआयसीआर कोड क्लिअरिंगसाठी असतो आणि तो तुमच्या कपाटातल्या कागदावर छापलेला असतो. प्रणाली एका शनिवार-रविवारात बदलता येते, यादी ठरलेल्या दिवशी बदलता येते, पण लोकांच्या हातातला कागद परत गोळा करायला महिने जातात.

खाते क्रमांक तोच राहील का, हे दोन्ही बँकांच्या क्रमांकांच्या रचनेवर ठरतं. २०१७ च्या १ एप्रिलला स्टेट बँक ऑफ हैदराबादसह पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक स्टेट बँकेत आल्या. मराठवाड्यात हैदराबाद बँकेच्या शाखा गावोगाव होत्या, त्यामुळे तिकडच्या लोकांना ते चांगलं आठवत असेल. सहयोगी बँका आधीपासून स्टेट बँकेच्याच प्रणालीवर होत्या, म्हणून अकरा अंकी खाते क्रमांक जसाच्या तसा राहिला. आयएफएससीमध्येही फक्त सुरुवात बदलली, SBHY चं SBIN झालं आणि शेवटचे सहा अंक तेच राहिले. सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरात आली तेव्हाही खाते क्रमांक कायम राहिला, मात्र शाखेच्या कोडमध्ये दहा हजार मिळवले गेले. समजा, जुना कोड SYNB0001234 असेल, तर नवा CNRB0011234 झाला. कारण सरळ आहे. कॅनराची स्वतःची 1234 क्रमांकाची शाखा आधीच होती, दोन शाखांना एक कोड देता येत नाही. आंध्र बँक आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत आल्या, तेव्हा त्यांच्या शाखांना याच कारणासाठी UBIN08 आणि UBIN09 ने सुरू होणारे कोड मिळाले.

देना बँकेच्या ग्राहकांची गोष्ट वेगळी होती आणि तुमच्या प्रश्नाला तीच जास्त उपयोगी आहे, कारण तिथे तिन्ही गोष्टी बदलल्या. देना बँक विजया बँकेबरोबर १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली. देनाचा खाते क्रमांक बारा अंकी होता, बडोद्याचा चौदा अंकी. म्हणून प्रत्येक खात्याला नवा चौदा अंकी क्रमांक दिला गेला. आयएफएससी BKDN0 ऐवजी BARB0DB ने सुरू होऊ लागला. पण हे १ एप्रिल २०१९ ला झालं नाही. देनाच्या शाखा टप्प्याटप्प्याने नेत नेत डेटा हलवण्याचं काम डिसेंबर २०२० मध्ये पूर्ण झालं. जुने आयएफएससी १ मार्च २०२१ पासून बंद झाले. आणि नव्या एमआयसीआरचं चेकबुक ३१ मार्च २०२१ पर्यंत घ्या, असं ग्राहकांना सांगितलं गेलं. विलीनीकरण आणि जुना कोड बंद होणं यांत तेवीस महिन्यांचं अंतर होतं.

आता तुमच्यासारखंच एक खातं या तारखांवर ठेवून पाहू. बोरिवलीतल्या एका निवृत्त बाईंचं देना बँकेत बचत खातं आहे असं धरा. भाडेकरू दर महिन्याच्या ५ तारखेला एनईएफटीने भाडं पाठवतो. घराच्या कर्जाचा हप्ता दुसऱ्या एका वित्तसंस्थेकडून नॅचने आपोआप कापला जातो. वर्षातून एकदोनदा शेअरचा लाभांश येतो. आणि पतसंस्थेला त्यांनी डिसेंबर २०२० मध्ये सहा चेक लिहून दिलेत, जानेवारी ते जून, प्रत्येकी १० तारखेचे.

शाखेचं मायग्रेशन झालं की नव्या खाते क्रमांकाचा एसएमएस येतो. इथून दोन-तीन महिने जुनं आणि नवं दोन्ही चालतं, कारण नव्या बँकेने जुन्या क्रमांकाशी नवा क्रमांक जोडलेली एक तक्ती आपल्या प्रणालीत ठेवलेली असते. जानेवारी आणि फेब्रुवारीचं भाडं जुन्या क्रमांकावर, जुन्या आयएफएससीवर पाठवलं तरी खात्यात येतं. इथेच माणूस गाफील राहतो, कारण कुठेच काही अडत नाही.

५ मार्चला भाडेकरू नेहमीसारखं भाडं पाठवतो. जुना कोड यादीतून गेलेला आहे. मग त्याची बँक तो व्यवहार घेतच नाही, किंवा घेतला तरी पैसे त्याच्याच खात्यात परत जातात. एनईएफटीत जमा न होणारी रक्कम बॅच सेटल झाल्यापासून दोन तासांत परत पाठवायची असते. म्हणजे पैसे बुडत नाहीत. पण संदेश जातो तो पाठवणाऱ्याला. बाईंच्या खात्यात नोंद नाही, एसएमएस नाही, काहीच नाही. भाडेकरूने मोबाइल नीट पाहिला नाही, तर दोघंही आपापल्या जागी निश्चिंत असतात. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की, न आलेल्या पैशाची खबर बँक देत नाही, ती तुम्हालाच काढावी लागते.

भाडेकरूला नवा तपशील देताना एक अर्धवट दुरुस्ती नेहमी होते. तो आयएफएससी बदलतो आणि खाते क्रमांक जुनाच ठेवतो, कारण "कोड बदललाय" एवढंच त्याने ऐकलेलं असतं. नवा कोड आणि जुना बारा अंकी क्रमांक ही जोडी नेमकी कोणत्या दिवसापर्यंत चालेल, हे त्या तक्तीवर अवलंबून असतं आणि त्यावर विसंबू नये. जुना लाभार्थी पूर्ण काढून टाकून नवा नोंदवायला सांगा, मग दहा रुपये पाठवून पाहायला सांगा, आणि ते तुमच्या खात्यात आल्याचं तुम्ही स्वतः पाहिल्यावरच भाडं पाठवू द्या. कोड हाताने लिहून देत असाल, तर पाचवं अक्षर शून्य असतं, ओ नव्हे, हेही सांगा.

नॅचचा हप्ता यापेक्षा सोपा असतो. तुम्ही दिलेली परवानगी मॅन्डेट म्हणून नोंदलेली असते आणि विलीनीकरणात बँका ही नोंद जुन्या क्रमांकावरून नव्यावर वळवतात. साधारणपणे नवा अर्ज द्यावा लागत नाही. तरी मायग्रेशननंतरचा पहिला हप्ता कापला गेला का, हे त्याच दिवशी पाहा. चुकला तर तुमची बँक परतीचा आकार लावते, वित्तसंस्था वेगळा दंड लावते आणि हप्ता चुकल्याची नोंद क्रेडिट इतिहासात जाऊ शकते. चूक तुमची नसेल, तर दोघांकडे लेखी मागणी करा आणि सोबत मायग्रेशनचा एसएमएस आणि त्या दिवशीची खात्यातली शिल्लक जोडा. शिल्लक पुरेशी होती हे दाखवता आलं, तर बाजू भक्कम होते.

आता चेक. चेकच्या तळाशी पांढऱ्या पट्टीवर जाड, चौकोनी वळणाचे अंक असतात, चुंबकीय शाईने छापलेले. डावीकडून पहिले सहा अंक चेकचा क्रमांक. पुढचे नऊ अंक एमआयसीआर: पहिले तीन शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. मग सहा अंक खात्याशी संबंधित आणि शेवटी दोन अंक व्यवहाराचा प्रकार सांगणारे. मुंबईतल्या देना बँकेच्या चेकवर ते नऊ अंक 400018 ने सुरू होतात, मुंबईतल्या बँक ऑफ बडोदाच्या चेकवर 400012 ने. क्लिअरिंगची यंत्रणा चेक कोणत्या बँकेकडे पाठवायचा हे मधल्या तीन अंकांवरून ठरवते. वर छापलेलं बँकेचं नाव तिच्या दृष्टीने चित्र आहे. मुदतीपर्यंत 018 चे चेक नव्या बँकेकडे वळवण्याची सोय असते. मुदत संपली की ती सोय जाते. सही बरोबर असली, खात्यात लाख रुपये असले, तरी चेक परत येतो.

त्यामुळे बाईंच्या सहा चेकपैकी जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे वटतील. एप्रिल, मे आणि जूनचे मुदतीबाहेर गेले. "चेक तीन महिने चालतो" हा नियम इथे मदतीला येत नाही. १० मार्चच्या चेकची स्वतःची मुदत १० जूनपर्यंत असते हे खरं, पण पतसंस्थेने तो एप्रिलच्या मध्याला भरला, तर अडचण तारखेची नसून पट्टीची होते. म्हणून पुढच्या तारखांचेच चेक बदलून थांबू नका, दिलेले पण अजून न वटलेले सगळे चेक मोजा.

बदलताना पतसंस्थेकडून उरलेले जुने चेक परत घ्या आणि नवे द्या, एका हाताने घेणं आणि दुसऱ्या हाताने देणं. दोन्हींचे क्रमांक लिहिलेल्या कागदावर त्यांची पोच घ्या. "जुने आमच्याकडेच राहू द्या, काही होत नाही" असं उत्तर मिळालं, तर ते मान्य करू नका. मुदत अजून शिल्लक असेल, तर जुना आणि नवा दोन्ही वटू शकतात. जुने परत मिळतच नसतील, तर त्या क्रमांकांवर बँकेत स्टॉप पेमेंट नोंदवा. पूर्वी कधी एखाद्या चेकला स्टॉप पेमेंट दिलं असेल, तर ती नोंद नव्या प्रणालीत आली आहे का, हेही मायग्रेशननंतर शाखेत एकदा विचारून घ्या.

यात एक कायद्याचा मुद्दा आहे, तो चेक घेणाऱ्यांनी जास्त लक्षात ठेवावा. अलाहाबाद बँक इंडियन बँकेत विलीन झाली आणि तिचे जुने चेक ३० सप्टेंबर २०२१ नंतर अवैध ठरले. त्यानंतर भरलेला असा एक चेक परत आला आणि प्रकरण चेक न वटणं गुन्हा ठरवणाऱ्या कलम १३८ खाली न्यायालयात गेलं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं की, असा चेक वैध काळात भरलेलाच नाही, म्हणून तो परत येणं हा कलम १३८ चा गुन्हा होत नाही. चेक देणाऱ्याला यातून दिलासा असला, तरी त्याचं देणं संपत नाही. आणि तुम्ही स्वतः कुणाचे चेक सुरक्षा म्हणून ठेवले असतील, भाडेकरूचे किंवा उसने पैसे दिलेल्या नातेवाइकाचे, तर विलीन झालेल्या बँकेचा जुना चेक हातात असणं म्हणजे जवळपास काहीच हातात नसणं. तो आजच बदलून मागा.

मुदतवाढीच्या आशेवर बसू नका. मुदतवाढ होते, नाही असं नाही. स्टेट बँकेच्या सहयोगी बँकांचे चेक आधी ३० सप्टेंबर २०१७ पर्यंत चालणार होते, ते ३१ डिसेंबरपर्यंत वाढवले गेले. पण ती मिळेल की नाही हे शेवटच्या दिवसांपर्यंत कळत नाही, आणि नवं चेकबुक मागवल्यापासून पोस्टाने घरी यायला वेळ लागतो. त्या काळात सगळेच मागवत असल्याने जरा जास्तच.

कोणकोणाला कळवायचं ते आठवून यादी करू नका, काहीतरी सुटतंच. मागच्या तेरा महिन्यांचा खातेउतारा काढा आणि तुम्ही त्या दिवशी स्वतः न केलेली प्रत्येक जमा आणि प्रत्येक नावे नोंद अधोरेखित करा. तेवढीच तुमची यादी. तेरा महिने अशासाठी की, विम्याचा वार्षिक हप्ता आणि लाभांश वर्षातून एकदाच दिसतात आणि त्यांची तारीख थोडी मागेपुढे होते. लाभांशाकडे विशेष लक्ष द्या. तो डीमॅट खात्यात नोंदलेल्या बँक तपशिलावर येतो आणि नाही आला तर कुणी फोन करून सांगत नाही. सात वर्षं न घेतलेला लाभांश गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातो आणि तिथून परत मिळवणं खूप किचकट आहे. उताऱ्यात न दिसणाऱ्या दोन जागा त्या यादीत हाताने लिहा. एक, आयकर परताव्यासाठी ई-फायलिंगमध्ये नोंदलेलं खातं, ते नव्या तपशिलाने पुन्हा प्रमाणित करावं लागतं. दुसरी, भविष्य निर्वाह निधीच्या यूएएनला जोडलेलं खातं. तिथे जुना आयएफएससी राहिला, तर दावा मंजूर होऊनही पैसे अडकतात.

आईंच्या खात्यावर आधारवरून सरकारी योजनेचे पैसे येत असतील, तर त्याची रीत वेगळी आहे. त्यात आयएफएससी वापरला जात नाही. देशातली पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयच्या नोंदीत आईंच्या आधार क्रमांकापुढे बँकेची ओळख असते, आणि आलेली रक्कम कोणत्या खात्यात टाकायची हे ती बँक आपल्या नोंदीतून ठरवते. विलीनीकरणात ही ओळख बदलण्याचं काम बँक करते. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती, म्हणजे आधार कोणत्या बँकेशी जोडलेला आहे, ते पाहता येतं. तिथे जुन्या बँकेचं नाव दिसलं किंवा स्थिती निष्क्रिय असली, तर शाखेत जाऊन आधार पुन्हा जोडायचा अर्ज द्या. महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ ला एकत्र आल्या. अशा बँकांमध्ये कितीतरी घरांत खात्यावर येणारी मुख्य रक्कम हीच असते, तिथे हे आधी तपासावं आणि चेकचं नंतर.

नवा कोड घेताना तो इंटरनेटवरच्या कुठल्याही यादीतून उचलू नका, त्यांत बंद झालेले कोड वर्षानुवर्षं तसेच पडलेले असतात. पासबुकचं पहिलं पान नव्याने छापून घ्या किंवा नव्या चेकवरून वाचा. खाते क्रमांकावरून शाखेचा अंदाजही बांधू नका. बडोद्याच्या क्रमांकात पहिले चार अंक शाखेचे असतात, म्हणून लोक त्यावरून कोड शोधतात. पण विलीनीकरणानंतर एकाच रस्त्यावरच्या दोन शाखा एकत्र केल्या जातात. तुमची शाखा शेजारच्या शाखेत गेली की आयएफएससी दुसऱ्यांदा बदलतो आणि खाते क्रमांक जुन्या शाखेचे अंक घेऊन तसाच राहू शकतो. हा दुसरा बदल लोकांच्या लक्षात येत नाही, कारण "आमचं सगळं बदलून झालंय" असं त्यांना वाटत असतं. शाखेच्या दारावर स्थलांतराची सूचना दिसली की वरची तपासणी पुन्हा करा.

या काळात "विलीनीकरणामुळे खातं बंद होईल, ओटीपी सांगा" असे फोन हमखास येतात. खातं नव्या प्रणालीत नेण्यासाठी बँकेला तुमच्याकडून ओटीपी, पिन किंवा कार्डचा नंबर कधीच लागत नाही. फोन ठेवा आणि शाखेत जा.

तुमच्यापुरतं आजचं काम असं. शाखेत जाऊन दोन गोष्टी विचारा: आमच्या शाखेचं मायग्रेशन झालं का, आणि जुने चेक क्लिअरिंगमध्ये कोणत्या तारखेपर्यंत चालतील. मायग्रेशन झालं नसेल, तर भाडेकरूला आणि पतसंस्थेला एवढंच सांगून ठेवा की, तपशील बदलणार आहे. झालं असेल, तर तुमचं आणि आईंचं पासबुक छापून घ्या, दोघांच्या चेकबुकची मागणी तिथेच द्या आणि पतसंस्थेत किती चेक उरलेत ते त्याच दिवशी विचारा. सहाच्या सहा नव्याने लिहिण्यापेक्षा पतसंस्था नॅच मॅन्डेट घ्यायला तयार असेल, तर ते द्या. उद्या शाखा पुन्हा एकत्र झाली, तरी त्यात कागद बदलावा लागत नाही.